मधलं वाक्य कुणाचं?

शूटिंग आटोपलं. गावात चार दिवस राहून तुम्ही चार माणसांच्या मुलाखती घेतल्या. हार्ड डिस्कवर चार तासांचं बोलणं आहे. ते सगळं ऐकून, टाइप करून झालं की हातात पंचवीस हजारांच्या आसपास शब्द येतात. फिल्म करायचीय बारा मिनिटांची. म्हणजे त्यातले फार तर हजार-अकराशे शब्द पडद्यावर जाणार, आणि त्यातही निवेदनाचा वाटा असणार.

कॉलेजच्या माहितीपटांची गाडी नेमकी इथंच घसरते. कॅमेरा बरा असतो, माणसं छान बोललेली असतात. पण बोलण्याचे तुकडे सुटे पडलेले असतात आणि ते जोडायला कुणीतरी रात्री बसून निवेदन लिहितं. मग ‘काळाच्या पडद्याआड गेलेल्या त्या भीषण आठवणी’ वगैरे सुरू होतं. ऐकणाऱ्याला तेव्हाच कळतं की आता माणूस बोलत नाहीये, भाषण चालू झालंय.

आज बोलायचंय ते या मधल्या वाक्यांबद्दल. दोन तुकड्यांच्या सांध्यात बसणारी, निवेदकाच्या आवाजातली ही एक-दोन वाक्यं. दिसायला किरकोळ. पण ज्या माणसानं विश्वासानं आपली गोष्ट तुमच्या हातात दिली, तिचा अर्थ बदलायची ताकद या वाक्यांत असते. आणि तो बदलला हे त्या माणसाला कळतं तेव्हा फिल्मचं स्क्रीनिंग होऊन गेलेलं असतं.

उदाहरण घेऊनच बघू. समजा तुमच्या ग्रुपनं १९७२च्या दुष्काळावर फिल्म करायची ठरवलीय. महाराष्ट्रातल्या कुठल्याही कोरडवाहू गावात ऐंशीच्या आसपासच्या आजी-आजोबांना विचारा, ‘बाहत्तर’ एवढा शब्द पुरतो. पुढचे तुकडे सरावासाठी रचलेत, पण अशी बोलणी तुम्हाला खऱ्या टेपवर नक्की सापडतील. पहिल्या तिन्ही आजींच्या एकाच मुलाखतीतल्या आहेत. डावीकडे टेपवरची वेळ.

००:०६:२० — ‘मिलोची भाकरी लाल. थापता यायची न्हाई, चिरायची. पोरांची पोटं दुखायची. पण त्येच्यामुळंच वाचलो, खोटं कशाला बोलू.’

००:१४:०५ — ‘हां, म्हंजे मी आन् माजी जाऊ, खडी फोडायला जायचो. रोजगार हमीवर. लांब व्हतं. चार कोस. तिथं सुकडी द्यायचे. पोरं त्येच्यासाठीच संगं यायची. (हसतात) ग्वाड लागायची. लई ग्वाड. (थांबतात) मी न्हाई खाल्ली कधी.’

००:३१:४० — ‘मुकादम चांगला व्हता, आमच्या भावकीतलाच. पण माप घ्यायच्या वक्ताला... जाऊ द्या. मेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं.’

आणि हे त्याच कामावरचे तेव्हाचे मस्टर कारकून, आता निवृत्त:

००:०९:५० — ‘मजुरी रोजावर नव्हती, मापावर होती. बायका म्हणायच्या, कमी दिले. पण मोजमाप माझ्याकडं नव्हतं. मी मस्टर भरायचो.’

पहिली गोष्ट बघा. हे टाइप करताना ‘न्हाई’चं ‘नाही’ केलेलं नाही, ‘म्हंजे’ गाळलेलं नाही, हसणं आणि थांबणं कंसात लिहिलंय. टायपिंगच्या वेळीच तुम्ही बोलणं ‘शुद्ध’ केलंत, तर पुढं कागद बघून तुम्ही जे निवडाल ते टेपवर नसेलच. ‘थांबतात’ हा एक शब्द गाळला असता तर सुकडीचा तुकडा कागदावर एखाद्या पाककृतीसारखा वाचला गेला असता. त्यातली खरी गोष्ट त्या थांबण्यात आहे.

दुसरी गोष्ट. प्रत्येक तुकड्यापुढं पेन्सिलीनं लिहा, यात काय आहे: माहिती, अनुभव की मत? ‘मजुरी मापावर होती’ ही माहिती. ती कागदपत्रांतून तपासता येते, आणि जागा कमी असेल तर निवेदक ती कमी शब्दांत सांगू शकतो. ‘भाकरी थापता यायची न्हाई, चिरायची’ हा अनुभव. तो ज्याच्या हातांनी थापली त्यानंच सांगायचा. निवेदकानं ‘मिलोच्या भाकऱ्या नीट थापल्या जात नसत’ असं सांगितलं तर वाक्य खरंच आहे, पण मेलेलं आहे. ‘मुकादम चांगला व्हता’ हे मत. ते बोलणाऱ्याच्या नावावरच राहायला हवं. निवेदकाच्या तोंडी ते गेलं की फिल्मचं मत होतं.

एवढी एक विभागणी पक्की झाली की अर्धं निवेदन आपोआप गळतं. निवेदकाकडं उरते ती फक्त तपासलेली माहिती.

आता जोडणी. इथं बहुतेक जण लॅपटॉपवर सरळ पहिल्या ओळीपासून लिहायला बसतात: निवेदन, मग बाइट, मग निवेदन. तसं करू नका. निवडलेला एकेक तुकडा वेगवेगळ्या चिठ्ठीवर लिहा, टाइमकोडसकट. चिठ्ठ्या जमिनीवर पसरा आणि फक्त त्यांचीच मांडणी करा. निवेदनाची एकही ओळ अजून लिहायची नाही. एडिटिंगवाले याला पेपर एडिट म्हणतात, आणि सॉफ्टवेअर कितीही चांगलं असलं तरी जमिनीवर हे काम लवकर होतं, कारण सगळी फिल्म एका नजरेत दिसते.

मग ज्यानं मुलाखती ऐकलेल्या नाहीत अशा मित्राला बोलवा आणि त्या चिठ्ठ्या क्रमानं मोठ्यानं वाचून दाखवा. तो जिथं अडेल तिथं खूण करा. ‘कोण बोलतंय?’, ‘तिथं म्हणजे कुठं?’, ‘मिलो म्हणजे काय?’ दुवा लागतो तो फक्त या खुणांच्या जागी. जिथं मित्र न अडता पुढं ऐकत राहिला तिथं निवेदनाची गरज नाही, तुम्हाला कितीही सुंदर वाक्य सुचलेलं असलं तरी.

आजींच्या तुकड्यांवर हे करून बघू. सुकडीचा तुकडा सुरू होतो ‘हां, म्हंजे’नं. हे उत्तर आहे, आणि प्रश्न फिल्ममध्ये नसणार. ‘तिथं सुकडी द्यायचे’ यातलं ‘तिथं’ लटकतं. अशा जागी दुव्याचं काम सोपं असतं: कापलेल्या प्रश्नाची जागा भरायची. ऐकणाऱ्याला काळ, ठिकाण आणि माणूस द्यायचा आणि बाजूला व्हायचं.

आता नेहमी लिहिलं जातं ते निवेदन वाचा:

‘१९७२ चा तो भीषण दुष्काळ! अन्नान्न दशा झालेली माणसं पोटासाठी वणवण भटकत होती. दूरवर खडी फोडायला जाणाऱ्या या आजींच्या डोळ्यांत तो काळ आजही जिवंत आहे. कामावर मिळणारी सुकडी स्वतः न खाता लेकरांना भरवणाऱ्या एका आईची ही कहाणी...’

आणि यानंतर आजींचा तुकडा. बिचाऱ्या आजींना सांगायला काय उरलं? खडी सांगून झाली, अंतर सांगून झालं, सुकडी सांगून झाली. आता आजी बोलतील ती उजळणी. ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक, आणि ती ओळखायची सोपी खूण आहे: दुव्यातलं मुख्य नाम आणि तुकड्यातलं पहिलं नाम एकच असेल, तर दुवा पोपटपंची करतोय.

पण यातली मोठी गडबड शेवटच्या वाक्यात आहे. ‘स्वतः न खाता लेकरांना भरवणाऱ्या.’ आजी असं म्हणाल्यात का? टेपवर परत जा. त्या म्हणाल्यात, ‘ग्वाड लागायची. लई ग्वाड. मी न्हाई खाल्ली कधी.’ का नाही खाल्ली, ते सांगितलेलं नाही. मुलांसाठी ठेवली असेल. फक्त मुलांनाच मिळत असेल. सगळ्यांसमोर हात पुढं करायची लाज वाटली असेल. आणि खाल्लीच नाही तर गोड लागायची हे कसं माहीत? कदाचित एकदा चाखली असेल आणि आजही ते कबूल करवत नसेल. आपल्याला ठाऊक नाही. त्यागी आईचा साचा आपल्या डोक्यात तयार होता, आजींचं वाक्य त्यात ओतलं आणि आजींची स्वतःची गोष्ट सांडून गेली.

अशा वेळी दोनच प्रामाणिक वाटा आहेत. एक, फोन करून किंवा पुन्हा जाऊन विचारायचं, ‘आजी, सुकडी का नाही खाल्ली तुम्ही?’ दुसरी, ते वाक्य जसं आहे तसं ठेवायचं आणि त्यानंतर चार सेकंद कुणीच बोलायचं नाही. ते कोडं ऐकणारा स्वतः सोडवतो, किंवा सोडवत नाही. दोन्ही चालतं. तिसरी वाट, म्हणजे निवेदकानं स्वतःच्या मनानं कारण पुरवायचं, ही बंद समजा.

आता माहितीच्या बाजूची एक गाठ. आजी म्हणतात, ‘रोजगार हमीवर.’ गावागावांत बाहत्तरच्या कामांना असंच म्हणतात. पण कागद बघितले तर ७२-७३मधली बहुतेक कामं दुष्काळ निवारणाची होती. रोजगार हमी योजनेची सुरुवात त्याच काळातली असली, तरी काम मागण्याचा हक्क देणारा महाराष्ट्राचा कायदा १९७७चा, आणि तो अमलात आला २६ जानेवारी १९७९पासून. मग काय करायचं? आजींचे ते दोन शब्द कापायचे? कापता येतील, आधी-नंतर श्वास आहे. की निवेदकानं त्यांची चूक दुरुस्त करायची?

माझं म्हणणं, दोन्ही नको. आजी खोटं बोलत नाहीत. पुढं मिळालेला शब्द त्यांनी आधीच्या आठवणीला लावला, आणि एका योजनेचं नाव लोकांच्या तोंडी इतकं कसं रुजलं, हीसुद्धा एक गोष्टच आहे. शब्द राहू द्या, आणि दुवा दोन्हींना धरून लिहा: ‘गावात त्या कामांना आजही रोजगार हमीच म्हणतात. हमीचा कायदा मात्र नंतर आला, १९७७ साली.’ आजींचा शब्द शाबूत राहिला आणि प्रेक्षकांना चुकीची माहितीही गेली नाही.

हे सगळं धरून जोडलेला भाग असा दिसेल:

चित्र: आजचा डांबरी रस्ता, कडेला दगडाचे ढीग. वाऱ्याचा आवाज.

निवेदन: बाहत्तर साली पाऊस झाला नाही. शेतात काम उरलं नाही, तेव्हा सरकारनं रस्त्यांची आणि तलावांची कामं काढली. या आजी तेव्हा पंचविशीच्या होत्या.

आजी: मी आन् माजी जाऊ, खडी फोडायला जायचो. रोजगार हमीवर. लांब व्हतं. चार कोस.

निवेदन: गावात त्या कामांना आजही रोजगार हमीच म्हणतात. हमीचा कायदा मात्र नंतर आला, १९७७ साली. बाहत्तरच्या कामावर मजुरीशिवाय आणखी एक गोष्ट मिळायची.

आजी: तिथं सुकडी द्यायचे. पोरं त्येच्यासाठीच संगं यायची. (हसतात) ग्वाड लागायची. लई ग्वाड. (थांबतात) मी न्हाई खाल्ली कधी.

चित्र: आजींचे हात. चार सेकंद शांतता.

निवेदन: घरी चूल पेटायची ती रेशनच्या धान्यावर. परदेशातून आलेली लाल ज्वारी. नाव मिलो.

आजी: मिलोची भाकरी लाल. थापता यायची न्हाई, चिरायची. पोरांची पोटं दुखायची. पण त्येच्यामुळंच वाचलो, खोटं कशाला बोलू.

निवेदनाची वाक्यं किती साधी आहेत ते बघा. एकही विशेषण भावनेचं नाही. आणि दुसरा दुवा कसा संपतो तेही बघा: ‘आणखी एक गोष्ट मिळायची.’ कुठली, ते सांगितलं नाही. ते नाव आजींनी घ्यायचंय. दुवा म्हणजे जेवायला बसलेल्याच्या पुढ्यात पाट-पाणी मांडणं. घास भरवणं नव्हे. तिसऱ्या दुव्यात मात्र ‘मिलो’ हे नाव निवेदकानं घेतलंय आणि आजीही त्यानंच सुरुवात करतात. मग वरचा पोपटपंचीचा नियम मोडला का? मोडला, पण कारण आहे. आजच्या वीस वर्षांच्या प्रेक्षकाला हा शब्दच माहीत नाही. आधी ओळख करून दिली नाही तर तो अर्थ शोधण्यात भाकरीचं वाक्य ऐकायचं राहून जाईल.

तुकड्यांचा क्रमही बदललाय. टेपवर मिलो सहाव्या मिनिटाला आहे आणि सुकडी चौदाव्या. फिल्ममध्ये उलट. हे चालतं का? चालतं, कारण दोन्ही त्याच वर्षाबद्दल आहेत आणि एकानं दुसऱ्याचं कारण बदलत नाही. पण समजा आजी मुलाखतीच्या शेवटी, नातवाच्या नोकरीबद्दल बोलताना, ‘लई वाईट वाटतं’ म्हणाल्या आणि ते वाक्य तुम्ही सुकडीच्या मागं चिकटवलंत, तर तो खोटेपणा आहे. प्रत्येक शब्द त्यांचाच, तरीही वाक्य त्यांचं नाही. अशा शिवलेल्या तुकड्याला एडिटिंगच्या खोलीत ‘फ्रँकनबाइट’ म्हणतात, फ्रँकेनस्टाइनच्या त्या शिवून तयार केलेल्या राक्षसावरून. आणि ते बहुतेक वेळा ऐकू येतंच: आवाजाची पट्टी अचानक बदलते, श्वास अर्ध्यात तुटतो, मागचा पंख्याचा आवाज एकदम जातो. वरून हातांचं किंवा चुलीचं चित्र टाकून चेहरा झाकता येतो, पण कान फसत नाही. दोन टाइमकोडमधला मजकूर गाळून तुकडे जोडायचे असतील तर स्वतःला एकच प्रश्न विचारा: गाळलेल्या भागात ‘पण’ होता का?

कारण सगळा अर्थ पुष्कळदा त्या ‘पण’मध्ये असतो. मिलोच्या तुकड्यातून ‘पण’पुढचं वाक्य काढून बघा. फिल्म सांगेल, सरकारनं लोकांना निकृष्ट धान्य खायला घातलं. ‘पण’च्या आधीचं काढा. फिल्म सांगेल, सरकारनं लोकांना वाचवलं. आजी दोन्ही एका दमात म्हणाल्यात आणि वर म्हणाल्यात, खोटं कशाला बोलू. मग आपण का बोलायचं?

आता सगळ्यात अवघड तुकडा, मुकादमाचा. इथं आजी आरोप करायच्या उंबरठ्यावर थांबल्या. एडिट टेबलावर मोह काय होतो ते सांगतो. ‘पण माप घ्यायच्या वक्ताला...’ इथं कापायचं, लगेच कारकुनांचं ‘बायका म्हणायच्या, कमी दिले’ लावायचं, आणि मध्ये दुवा: ‘गरिबांच्या घामाचे पैसे कुणाच्या खिशात जात होते?’ झाली खळबळजनक फिल्म. पण आजींनी जे बोलायचं नाकारलं तेच आपण त्यांच्या तोंडून वदवलं. ज्या मुकादमाबद्दल हे आहे तो हयात नाही, उत्तर द्यायला येणार नाही. त्याची मुलं-नातवंडं त्याच भावकीत, त्याच गल्लीत राहतात. तुम्ही फिल्म दाखवून गाडीनं परत याल. आजींना तिथंच राहायचंय.

याचा अर्थ विषय सोडून द्यायचा असा नाही. मापाची गोष्ट महत्त्वाची आहे आणि ती नोंदीतून सांगता येते. मजुरी किती वेळ राबलात यावर नाही, किती काम मोजलं गेलं यावर ठरायची. खडी मोजायची ती ब्रासवर, म्हणजे शंभर घनफूट. दिवसभर हातोडा मारणारीला आपला ढीग किती भरला हे दुसऱ्यानं सांगेपर्यंत कळत नसणार, हे त्या पद्धतीतच आहे. एवढं निवेदकानं सांगावं. कुणाचंही नाव न घेता.

निवेदन: मजुरी दिवसावर नव्हे, मापावर ठरायची. फोडलेल्या खडीचा ढीग मोजला जायचा. हे गृहस्थ तेव्हा त्या कामावर मस्टर कारकून होते.

कारकून: बायका म्हणायच्या, कमी दिले. पण मोजमाप माझ्याकडं नव्हतं. मी मस्टर भरायचो.

यानंतर आजींचा तुकडा लावायचा असेल तर अख्खा लावा, ‘मुकादम चांगला व्हता’पासून ‘काय बोलायचं’पर्यंत, आणि तोही आजींना विचारून. त्या नको म्हणाल्या तर तुकडा जाईल. अर्धा लावायची सोय नाही. आणि या दोघांच्या मध्ये ‘पण सत्य काही वेगळंच होतं’ असला दुवा टाकू नका. दोन माणसांच्या आठवणी जुळत नसतील तर दुव्यानं न्यायाधीश व्हायचं नसतं. तुमच्याकडं त्या कामाचं जुनं मोजमाप पुस्तक असेल तर ते दाखवा. नसेल तर दोघांना शेजारी बसवा आणि गप्प राहा.

इथं तुमच्यातले काही म्हणतील, मग निवेदकच नको ना! फक्त माणसं बोलू देत. ही वाट आहे, आणि मोठी आहे. क्लोद लान्झमान यांनी ‘शोआ’ हा नऊ तासांहून लांब माहितीपट १९८५ साली निवेदनाशिवायच पूर्ण केला. त्यात साक्षीदार बोलतात आणि लान्झमान प्रश्न विचारताना दिसतात-ऐकू येतात. उलट टोकाला आपल्याकडं फिल्म्स डिव्हिजनच्या जुन्या माहितीपटांतला तो भारदस्त आवाज, ज्याला सगळं आधीच माहीत असायचं आणि पडद्यावरची माणसं फक्त काम करताना दिसायची. त्या आवाजाचा आपल्या कानांवर इतका ठसा आहे की निवेदन लिहायला बसलं की हात आपोआप तसं लिहू लागतो.

पण निवेदक काढल्यानं प्रश्न सुटत नाही. मुकादमाचा तुकडा ‘वक्ताला...’वर कापला आणि पुढं कारकून ठेवले, तर एकही निवेदनाचं वाक्य नसताना आरोप झालाच. कात्रीही बोलते. निवेदनाचं निदान एक बरं असतं, ते कुणाचं आहे हे ऐकणाऱ्याला कळतं. शिवाय बारा मिनिटांत बाहत्तर साल म्हणजे काय, मिलो म्हणजे काय, हे आजींच्या तोंडून येईपर्यंत थांबायला जागा नसते. म्हणून निवेदक ठेवा, पण त्याला त्याच्या पायरीवर ठेवा.

स्क्रिप्ट पूर्ण झाली की तीन चाचण्या करा. पहिली, सगळे बाइट झाकून फक्त निवेदन मोठ्यानं वाचा, हातात स्टॉपवॉच घेऊन. मराठीत निवांत वाचलं तर सेकंदाला साधारण दोन शब्द जातात. नुसत्या निवेदनातूनच गोष्ट पूर्ण कळली, तर निवेदक फार बोललाय, कापा. चांगलं निवेदन एकटं वाचलं की तुटक आणि अपुरं वाटतं. तसंच वाटायला हवं. दुसरी, निवेदनाच्या प्रत्येक वाक्यापुढं लिहा, हे कुठून आलं: कुठली टेप, कुठला कागद. ज्या वाक्यापुढं काहीच लिहिता येत नाही ते वाक्य तुमच्या डोक्यातून आलंय. ‘लेकरांना भरवणारी आई’ याच चाळणीत अडकली असती.

तिसरी चाचणी खोलीबाहेरची. फिल्म स्पर्धेला पाठवायच्या आधी लॅपटॉप घेऊन आजींकडं जा आणि त्यांचा भाग त्यांना दाखवा, आधी-नंतरच्या दुव्यांसकट. फक्त त्यांचा बाइट दाखवलात तर त्या हो म्हणतीलच, शब्द त्यांचेच आहेत. बघायचं असतं ते दुव्यांसकट. त्या ‘असंच म्हणले मी’ म्हणाल्या तर काम झालं. त्या गप्प झाल्या, पदर सारखा करत दुसरीकडं बघू लागल्या, तर कुठं ते विचारा. बहुतेक वेळा बोट त्यांच्या बोलण्यावर पडत नाही. मधल्या एखाद्या वाक्यावर पडतं. ते वाक्य तुमचं असतं, आणि बदलायचंही तुम्हीच असतं.